चर्चा : फोटोवरून १९११चा रुपया घ्यावा का?

बर्डीकर : पंचम जॉर्जचा १९११चा रुपया एका विक्रेत्याने दोन फोटो पाठवून देऊ केला आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती, ज्याला लोक डुक्कर म्हणू लागले म्हणून १९१२ मध्ये तो बदलावा लागला, तो या नाण्यावर पुसट दिसतो. विक्रेता म्हणतो, ‘झीज नाही, छापच कमजोर आहे.’ फोटो पाहून निर्णय घेता येईल का?

नाणेप्रेमी_धरमपेठ : का येणार नाही? फोटो चांगला मोठा असेल, तर अक्षरांची जागा, मुकुटाची कड आणि तारखेतील आकड्यांची ठेवण खऱ्या नाण्याच्या फोटोशी ताडून पाहता येते. मी कित्येक नाणी अशीच घेतली आहेत आणि एकदाही फसलो नाही.

महालचे काका : आपण फसला नाहीत, की फसल्याचे अजून कळले नाही, हे आपल्या पद्धतीने ठरत नाही. अक्षरांची तुलना अवश्य करावी, परंतु खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकली नाण्यावर अक्षरे मूळच्याच जागी असतात. फोटोचा खरा उपयोग उलट दिशेने होतो. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान एक तरी ओतीव समजावे, कारण वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर सारखा येत नाही. म्हणजे फोटो पाहून नाणे नाकारता येते. पसंत करता येत नाही.

आता हत्तीविषयी. टांकसाळीत धातू ठशाच्या खोल भागात पूर्ण शिरला नाही, तर उंच भाग अपुरा उमटतो, पण त्या जागेवर मूळ झळाळी राहते. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू तिरपे करत गेल्यास प्रकाशाची पट्टी न तुटता त्या जागेवरूनही फिरते. झिजलेल्या नाण्यावर मात्र ती नेमकी उंच भागावर तुटते आणि तिथे मंद, करडा डाग दिसतो. स्थिर फोटोत ही पट्टी फिरतच नाही. शिवाय दिवा समोरून लावला तर खोली नाहीशी होते, एका बाजूने लावला तर झिजलेला हत्तीही ठसठशीत दिसतो, आणि मोबाइल परस्पर रेषा धारदार करतो ते वेगळेच. विक्रेता खोटे बोलत असेल असे नव्हे; त्याचे म्हणणे तपासायला लागणारी गोष्ट त्या दोन चित्रांत नाही, एवढेच.

रेशीमबाग_ताई : मलाही हाच अनुभव आला, पण नोटेच्या बाबतीत. १९१७ची एक रुपयाची नोट फोटोत अगदी कोरी दिसत होती. हातात आल्यावर उजेडासमोर धरली, तर मधली घडी पांढऱ्या रेषेसारखी उमटली; कुणीतरी ती धुऊन इस्त्री केली होती. जलचिन्हाचा फोटो मागायला हवा होता, हे तेव्हा सुचले नाही.

नाणेप्रेमी_धरमपेठ : ताई, इथे प्रश्न नाण्याचा आहे. काका, व्हिडिओ मागवला तर आपली पट्टीसुद्धा दिसेल.

महालचे काका : तो मुद्दा मान्य, व्हिडिओ फोटोपेक्षा निश्चितच बरा. झीज त्यात बऱ्यापैकी कळेल, धातू मात्र कळणार नाही. खऱ्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. इतवारीच्या सराफाकडे जो बारीक काटा असतो, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने, पेल्याच्या तळाला वा काठाला न टेकवता, बुडबुडे झटकून पाण्यात लोंबकळत धरावे. काटा साधारण १.१३ दाखवील; ११.६६ला त्याने भागले की १०.३ येतात, हीच खऱ्या रुपयाची घनता. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेले एक नाणे फोटोत निर्दोष होते, परंतु कोरडे वजन १०.०२ आणि पाण्यातला आकडा १.१५ निघाला, म्हणजे घनता ८.७. तो चांदीचा रुपया नव्हता. कडेवरच्या दात्यांमध्ये जोडाची रेघही नंतर भिंगाखाली सापडली, आणि कड तर फोटोत कुणी दाखवतच नाही. (झिजलेले खरे नाणे वजनाला थोडे कमी भरते, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नये.)

नाणेप्रेमी_धरमपेठ : आणि नकली नाणे त्याच दर्जाच्या चांदीत ठोकले असेल तर?

महालचे काका : तर पाण्याची परीक्षा त्याला सोडून देईल, हे खरे. तिथे ठशाचे बारकावे पाहणारा जाणता डोळाच हवा, आणि त्याच्या हाती नाणे हवे.

बर्डीकर : विक्रेत्याला कडेचा फोटो, व्हिडिओ आणि वजन मागितले. वजन त्याने ११.५ सांगितले, कडेचा फोटो टाळला आणि नाणे परत घ्यायला तो तयार नाही. व्हिडिओ आज रात्री पाठवतो म्हणाला आहे.

नाणेप्रेमी_धरमपेठ : व्हिडिओ येईपर्यंत थांबा. मला तरी ११.५ ठीक वाटते.

महालचे काका : आकडा ठीक आहे, पण तो कोणत्या काट्यावरचा, हे विचारा.