आयटीचा एसएलए: ऑन होल्डचं घड्याळ कोणाच्या हातात?

लेखा_डेस्क
आमच्या आयटीने एसएलएचा, म्हणजे कुठलं काम किती वेळात करून देणार त्या कराराचा, मसुदा सहीला पाठवलाय, ११ पानं. दर दुसऱ्या पानावर "ऑन होल्डमधला वेळ धरला जाणार नाही". माझ्या मते एक ओळ पुरे: तिकीट टाकलं की ४ तासांत काम झालं पाहिजे. बाकी सगळ्या पळवाटा. पटत नसेल त्याने सांगा.

हेल्पडेस्क९वर्षं
नाही पटत, आणि वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. ४ तासांत काय काय? पासवर्ड पाच मिनिटांत होतो. पण तुमच्यासारख्याच एका विभागाने नवा रिपोर्ट मागितला, कॉलम कुठले हवेत ते तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलं, तोही ४ तासांत? आणि तिकिटात लिहितात काय, "सिस्टीम चालत नाही". कुठली सिस्टीम, कुठली स्क्रीन, काय एरर आली, काही नाही. आम्ही विचारतो, माणूस दोन दिवसांनी उत्तर देतो, ते दोन दिवस आमच्या खात्यावर का टाकायचे? ऑन होल्ड काढा, मग बघा, माहिती अपुरी म्हणून आम्ही तिकीट थेट बंद करू आणि तुम्हाला नवीन टाकायला लावू. त्यात तुमचंच जास्त नुकसान आहे.

लेखा_डेस्क
मग आमचंच एक तिकीट ऐका. महिनाअखेरीचा शुक्रवार, संध्याकाळी ५:४० ला पोस्टिंग अडकलं, तिकीट टाकलं. सोमवारी ९:३० ला तुमच्यासारख्याच कोणीतरी एररचा फोटो मागितला आणि होल्डवर टाकलं. मी १०:१५ ला फोटो पाठवला. दुपारी ३:३० पर्यंत कोणी बघितलंच नाही! ५ वाजता "व्हेंडरकडे पाठवलंय" म्हणून परत होल्ड. मंगळवारी ११ ला व्हेंडरचं उत्तर आलं, १२:१० ला चालू झालं. आणि महिन्याच्या रिपोर्टात हे तिकीट हिरवं. ८ तासांची मुदत, म्हणे साडेतीन तासांत सोडवलं.

ओएलए_म्हणा
मुळात कंपनीच्या आतल्या आत एसएलए नसतोच. एसएलए बाहेरच्या ग्राहकाशी, आतल्यांचा असतो तो ओएलए. नावच चुकीचं असेल तर मसुदा काय बरोबर असणार.

एचआर_डेस्कवरून
लॅपटॉपचंही टाका यात! नवीन माणूस रुजू होतो आणि तीन दिवस नुसता बसून असतो, मशीन नाही. त्यासाठी ४ तास तर जास्तच झाले, पहिल्या दिवशी सकाळी टेबलावर हवा.

हेल्पडेस्क९वर्षं
सकाळी टेबलावर हवा, मग कळवता कधी? आमच्याकडे एकदा सोमवारी रुजू होणाऱ्यांची यादी सोमवारी सकाळी १० ला आली, ६ जण. स्टॉकमध्ये मशीन होती २. प्रत्येकावर सगळं टाकून, मेल उघडून, परवानग्या देऊन अर्धा दिवस जातो. दुपारी त्यांचे मॅनेजर माझ्या डोक्यावर येऊन उभे.

एचआर_डेस्कवरून
उमेदवार शुक्रवारी रात्री होकार कळवतो, त्याला मी काय करू? आणि कुठल्या सॉफ्टवेअरची परवानगी हवी ते मॅनेजर सांगतो, मी नाही. त्याच्याकडे चार मेल केल्यावर उत्तर येतं. बोलणी मात्र आम्हीच खायची का?

शाखा_समन्वयक
आमच्याकडे यावरून दोन विभागप्रमुख सहा महिने बोलत नव्हते. शेवटी असं ठरलं की घड्याळ मेल पाठवल्यापासून नाही, मॅनेजरने फॉर्म पूर्ण भरल्यापासून चालू. तिथून ५ कामाचे दिवस. फॉर्म अर्धवट असेल तर घड्याळ चालूच होत नाही आणि तसा मेल मॅनेजरला आपोआप जातो, एचआरला नाही. उशिरा होकार देणाऱ्यांसाठी ३ तयार मशीन बाजूला ठेवली. भांडणं संपली असं नाही म्हणणार, पण आता कोणामुळे उशीर झाला ते दिसतं.

एचआर_डेस्कवरून
हे चालेल मला. पण ती ३ मशीन कोणाच्या बजेटमधून?

शाखा_समन्वयक
त्यावर आमच्याकडेही अजून वाद चालू आहे.

करार_लिहिते
मी असे मसुदे करून देते, म्हणून लेखा_डेस्कच्या तिकिटाकडे परत येते, सगळा प्रश्न त्यातच आहे. कामाचे तास सोमवार ते शुक्रवार ९ ते ६ धरा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत साडेबारा कामाचे तास गेले. त्यातली फोटोची ४५ मिनिटं त्यांची स्वतःची, ती वजा करणं न्यायाचं आहे. व्हेंडरचे ३ तासही वजा करा, तरी उरतात पावणेनऊ. म्हणजे ८ ची मुदत चुकलेलीच. तिकीट हिरवं झालं ते १०:१५ ते ३:३० या सव्वापाच तासांमुळे. उत्तर येऊन पडलं होतं आणि घड्याळ बंद होतं. तेव्हा ऑन होल्ड काढू नका, पण त्यात एक ओळ घाला: वापरणाऱ्याने उत्तर दिलं की त्याच क्षणी घड्याळ आपोआप चालू, इंजिनिअरने स्टेटस बदलायची वाट बघायची नाही. बहुतेक तिकीट प्रणालींमध्ये हा नियम लावता येतो, कोणी लावत नाही इतकंच.

आणि ओएलए_म्हणा, तुमचं अर्धं बरोबर. ओएलए असतो, पण तो आयटीच्याच टीममध्ये, म्हणजे हेल्पडेस्क आणि नेटवर्क किंवा डेटाबेसवाले यांच्यात. लेखा विभाग इथे ग्राहकच आहे, त्यामुळे त्यांच्याशी होतो तो एसएलए.

ओएलए_म्हणा
ठीक आहे, नावाचं सोडतो. पण आतले ओएलए नसतील तर हेल्पडेस्कने ८ तास कबूल करून उपयोग काय? डेटाबेसवाल्यांनी तर कोणाला काहीच कबूल केलेलं नसतं.

करार_लिहिते
हे मात्र पूर्ण बरोबर. व्हेंडरचंही तेच. व्हेंडर लेखा विभागाने निवडलेला नाही, म्हणून तिथे घड्याळ थांबवणं मला मान्य नाही. व्हेंडरशी आधी ४ तासांचा करार करा, मगच विभागाला ८ कबूल करा.

हेल्पडेस्क९वर्षं
तो व्हेंडर आम्हीही निवडलेला नाही! खरेदी विभागाने स्वस्तातला सपोर्ट घेतला, त्यात पहिलं उत्तरच दुसऱ्या कामाच्या दिवशी. त्यावर मी ८ तासांची सही करू? नाही करणार. उत्तर आल्यावर घड्याळ आपोआप चालू, हे मान्य करतो, कारण ते सव्वापाच तास आमच्याकडूनही गेलेत, खोटं कशाला बोलू. पण व्हेंडरचा होल्ड राहणार.

लेखा_डेस्क
४ तासांची ओळ मागे घेतो, रिपोर्टचं उदाहरण बरोबर होतं. पण महिनाअखेरीचे ३ दिवस आमच्यासाठी वेगळे आहेत. एरवी पोस्टिंग एक दिवस अडकलं तर चालतं, त्या ३ दिवसांत पुढचं सगळं काम तिथेच थांबतं. मसुद्यात एरवीचे दिवस आणि हे ३ दिवस सारखेच धरलेत आणि शुक्रवारी ६ नंतर तर कोणी फोनच घेत नाही.

करार_लिहिते
मग वर्षभराच्या त्या तारखा आत्ताच जोडपत्रात लिहून द्या. फक्त पोस्टिंग आणि पेमेंट या दोनच सेवांसाठी, त्या दिवसांत रात्री १० पर्यंत माणूस आणि थेट सर्वात वरची प्रायॉरिटी. पण बदल्यात तुमच्याकडूनही एक माणूस १० पर्यंत थांबायला हवा. आयटीने दुरुस्त केलं आणि तपासून बघायला कोणीच नाही, तर ते तिकीट रात्रभर होल्डवरच जाईल, आणि तेव्हा घड्याळ थांबलं तर तक्रार करता येणार नाही.

लेखा_डेस्क
माणूस देतो. व्हेंडरचा होल्ड त्या ३ दिवसांत तरी काढा, मग सही करतो.

हेल्पडेस्क९वर्षं
खरेदी विभागाला या चर्चेत आणा आधी.