मदत हवी आहे: माझ्या प्रबंधात मॉडरेटर कुठला आणि मीडिएटर कुठला?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी, एम.एड.चा लघुप्रबंध चालू आहे आणि गाडी आराखड्यावरच अडकलीये. विषय असा आहे की चौथीच्या मुलांकडून रोज 20 मिनिटं एकच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घ्यायचा, असं दहा आठवडे, आणि त्याने वाचलेलं समजण्यात फरक पडतो का बघायचं. शाळा शहाद्याकडच्या आहेत, साधारण निम्म्या मुलांच्या घरी मराठी-अहिराणी बोलतात आणि बाकीच्यांच्या घरी पावरी. एक गट वाचन करणार, दुसरा नेहमीसारखा तास घेणार. इंडिपेंडंट म्हणजे वाचनाचा उपक्रम आणि डिपेंडंट म्हणजे आकलन चाचणीचे 20 पैकी गुण, इथपर्यंत ठीक. पुढे मी घरची भाषा मीडिएटर लिहिली आणि वाचनाचा वेग (मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले) मॉडरेटर लिहिला. गाईड मॅडमनी दोन्हीवर लाल रेघ मारली, "विचार करा" म्हणाल्या आणि गेल्या. आता काय विचार करू?

निवांत_वाचक
सोप्पंय हो. मधे येतो तो मीडिएटर. उपक्रम आणि गुण यांच्या मधे भाषा येतेच की, पोराला मराठीच कळत नसेल तर वाचून काय उपयोग? मला तर तुमचं बरोबर वाटतंय, मॅडमनाच नीट समजावून सांगा.

आकडेमोड
निवांतराव, मधे येतो हे अर्धं बरोबर आहे, पण मधे म्हणजे साखळीच्या मधे. पहिल्या कडीने दुसरी हलली पाहिजे आणि दुसरीने तिसरी. आता पाटीपेन्सिल, एकच प्रश्न विचारा स्वतःला: माझ्या दहा आठवड्यांच्या वाचनाने हे चल बदलेल का? घरची भाषा बदलेल? उपक्रम सुरू व्हायच्या आधी पावरी बोलणारं घर नंतरही पावरीच बोलणार. म्हणजे भाषा मीडिएटर होऊच शकत नाही. ती फक्त ठरवेल की उपक्रमाचा फायदा कुणाला जास्त झाला नि कुणाला कमी, आणि हेच मॉडरेटरचं काम. वाचनाचा वेग मात्र उपक्रमानेच वाढणार, त्यासाठीच तर रोज वाचून घेताय. अक्षरं जोडण्यात डोकं अडकलं नाही की अर्थाकडे लक्ष जातं, असा तुमचा अंदाज असणार. मग वेग झाला मीडिएटर. तुम्ही दोघांची अदलाबदल केलीये, बाकी काही नाही.

आकड्यात बघू, हे सगळे समजा म्हणून घ्या. वाचन गटाची सरासरी 12, दुसऱ्याची 9, फरक 3 गुणांचा. आता हाच फरक घरच्या भाषेनुसार वेगळा काढला तर मराठी-अहिराणी घरांत 4 आणि पावरी घरांत 2. उपक्रम तोच, फायदा निम्मा. हा मॉडरेटर. पावरी बोलणाऱ्या मुलांचे गुण एकूणच कमी आले म्हणून भाषा मॉडरेटर ठरत नाही हां, इथे बरेच जण घसरतात. गुण कमी असणं वेगळं आणि उपक्रमाचा *फरक* कमी असणं वेगळं.

मीडिएटरचं गणित निराळं. वाचन गटाचा वेग दुसऱ्यापेक्षा मिनिटाला 15 शब्दांनी वाढला. आणि एकाच गटातल्या मुलांची तुलना केली तर मिनिटाला एक शब्द जास्त वाचणाऱ्याला 0.1 गुण जास्त. 15 गुणिले 0.1 म्हणजे 1.5 गुण वेगाच्या वाटेने आले. उरलेले 1.5 दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, कदाचित शब्दसंग्रह वाढला असेल, कदाचित रोज वाचून भीती मोडली असेल.

```
मॉडरेटर:  Y = b0 + b1*X + b2*W + b3*X*W    (b3 बघा)
मीडिएटर:  M = i1 + a*X
          Y = i2 + c*X + b*M               (a*b बघा)
```

X उपक्रम, Y गुण, W भाषा, M वेग. b3 म्हणजे दोन भाषागटांच्या फायद्यातला फरक, आणि a*b म्हणजे वेगाच्या वाटेने आलेले गुण, यालाच इनडायरेक्ट इफेक्ट म्हणतात.

पाटीपेन्सिल
बापरे, आता डोक्यात शिरलं!! मग वेग आणि आकलन दोन्ही शेवटच्या दिवशीच मोजले तर चालेल ना, शाळेत परत परत जाणं अवघड आहे.

आकडेमोड
तिथेच गोची होते. वेग सातव्या-आठव्या आठवड्यात मोजा आणि आकलन शेवटी. दोन्ही एकाच दिवशी मोजलं तर वेगामुळे समजलं की समजत होतं म्हणून भराभर वाचलं, हे सांगता येणार नाही. आणि सुरुवातीलाही दोन्ही चाचण्या घ्या, नाहीतर आधीपासून हुशार असलेली मुलं वेगातही पुढे नि आकलनातही पुढे, आणि ते श्रेय वेगाला जाईल. तरी एक फट राहतेच. कुठलं मूल कुठल्या गटात हे तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवू शकता, पण कुणाचा वेग किती वाढेल ते नाही.

कोकणकडा
माझं पण असंच चाललंय, पीएचडी आहे, अकरावीच्या मुलांचा मोबाईल वापर आणि मार्क, मधे झोप. गूगल फॉर्मवर तिन्ही एकदमच विचारलंय, 300 जणांनी भरलंय. बूटस्ट्रॅपने इनडायरेक्ट इफेक्ट सिग्निफिकंट आलाय, म्हणजे झोप मीडिएटर सिद्ध झाली असं लिहू ना?

आकडेमोड
सिद्ध नका लिहू. झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात घेणारी पोरं पण असतातच की, आणि तुमच्या फॉर्मला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसणार. बाण उलटा फिरवून तेच गणित करा, बहुतेक तेही सिग्निफिकंट येईल.

मास्तर_निवृत्त
जरा मोठं उदाहरण देतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 पासून स्टार नावाचा प्रयोग झाला, बालवर्गापासून तिसरीपर्यंत. काही मुलं 13 ते 17 च्या लहान वर्गात, काही 22 ते 25 च्या नेहमीच्या वर्गात, आणि कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. लहान वर्गातल्या मुलांचे गुण वाढले, आणि कृष्णवर्णीय मुलांना व गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला. हा मॉडरेटर चांगला पकडता आला. पण लहान वर्गाने नेमकं *कशामुळे* काम केलं, शिक्षकाने जास्त लक्ष दिलं की दंगा कमी झाला की पोरांचंच लक्ष वाढलं, यावर अजून वाद आहेत. एवढ्या मोठ्या प्रयोगात ही गत, तर लघुप्रबंधात मीडिएटरबद्दल बोलताना आवाज थोडा खालीच ठेवावा.

पाटीपेन्सिल
सर आभारी आहे. माझ्याकडे दोन्ही गट मिळून 60च मुलं होतील, पुरतील का?

आकडेमोड
60 मध्ये मॉडरेटर दिसणं कठीण आहे. दोन भाषागटांच्या फायद्यातला फरक मुख्य परिणामाएवढाच मोठा असला तरी तो पकडायला साधारण चौपट मुलं लागतात. आणि b3 सिग्निफिकंट आला नाही तर "भाषेने फरक पडत नाही" असं चुकूनही लिहू नका, "या नमुन्यात दिसला नाही" एवढंच लिहा. एक शाळा वाचनाची आणि दुसरी शाळा नेहमीची असं तर करत नाही ना? मग तो फरक उपक्रमाचा की त्या शाळेतल्या बाईंचा, हे कळायला मार्गच नाही.

पाटीपेन्सिल
अगदी तसंच ठरवलं होतं 😅 प्रत्येक शाळेत दोन तुकड्या मिळतात का विचारते. अजून एक, मॅडम म्हणतात हजेरी कंट्रोल करा. करू?

आकडेमोड
मी नाही करणार. वाचनात मजा आली म्हणून मुलं जास्त यायला लागली तर हजेरी हाही मीडिएटर झाला, आणि तो कंट्रोल केला की उपक्रमाचाच परिणाम पुसला जातो. उपक्रमाआधीच्या महिन्याची हजेरी घ्या, ती चालेल.

मास्तर_निवृत्त
इथे मी मॅडमच्या बाजूने. त्या भागात ऊस तोडायला आईबाप बाहेर गेले की पोरं पण जातात, त्याचा वाचनाशी काय संबंध? ती गैरहजेरी धरायलाच हवी.

आकडेमोड
सर मुद्दा पटतो, पण मग स्थलांतर वेगळं नोंदवा ना, हजेरीत कशाला मिसळायचं. आईबाप जाणार की नाही हे उपक्रमाने ठरत नाही, म्हणून ते कंट्रोल करायला माझी हरकत नाही.

निवांत_वाचक
मग तेच स्थलांतर मॉडरेटर पण होईल की?