कुलूप आधी, किल्ली नंतर

> माझ्या गेममधला खोल्यांचा नकाशा कोड रँडम बनवतो. सगळ्या खोल्या जोडलेल्या आहेत, तरी कधीकधी किल्ली कुलूपबंद दाराच्या पलीकडेच पडते. काय करू?

किल्लीची जागा नकाशाभरातून रँडम निवडू नका. आधी स्पॅनिंग ट्री काढा, म्हणजे सगळ्या खोल्या जोडणारं, पण कुठेही वळसा घालून परत न येणारं मार्गांचं जाळं. १२ खोल्यांना ११ मार्ग पुरतात. त्यातल्या कुठल्याही एका मार्गावर कुलूप लावलं की ट्रीचे बरोबर दोन तुकडे होतात. मग ते दार बंद धरून सुरुवातीच्या खोलीतून फ्लड फिल चालवा, म्हणजे तिथून उघड्या मार्गांनी पोचता येणाऱ्या सगळ्या खोल्या शोधा. समजा ५ खोल्या मिळाल्या, तर किल्ली त्या पाचांतच टाकायची, शक्यतो सर्वांत लांबच्या खोलीत.

मी फसलो ते पुढे. ट्रीचा नकाशा फारच सरळसोट वाटतो म्हणून नंतर जादा मार्ग काढले, आणि त्यातला एक नेमका दोन्ही तुकड्यांना जोडून गेला. खेळ सुटायचा, पण किल्लीला कुणी हातच लावेना! आता जादा मार्ग एकाच तुकड्यातल्या खोल्यांमध्ये काढतो.