शब्दचर्चा: स्वतःसाठीचा रिमाइंडर, 'करणे', 'कर' की 'करायचं आहे'? आणि 'पर्यंत' म्हणजे कधी?

अर्धविराम: फोनवर रिमाइंडर वाजतो आणि स्क्रीनवर नुसतं 'पासपोर्ट' दिसतं. आता तो शोधायचा, कुणाला द्यायचा की नवा करायला टाकायचा? आजच, की अजून महिना आहे? मराठीत अशी ओळ कशी लिहावी, की एका नजरेत काम आणि हाताशी असलेला वेळ दोन्ही कळावेत? 'करणे' बरं की 'करायचं आहे'?

खटपट्या: अ‍ॅप कुठलं वापरता? मी प्रत्येक कामाला वेगळी रिंगटोन लावली आहे, वाचावंच लागत नाही.

अर्धविराम: अ‍ॅपबद्दल नाही हो विचारत, वाक्याबद्दल विचारतोय.

मोडीवाचक: मराठीत एक गोची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि लॉक स्क्रीनवर कापला जातो तो नेमका ओळीचा शेवट. 'पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी पत्त्याचा पुरावा…' असं दिसतं. पुढे 'शोधणे' होतं की 'जोडणे', ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून क्रियापद पुढे ओढावं: 'अर्ज भर: पासपोर्ट'. बोलताना आपण 'आण रे ती पिशवी' म्हणतोच की, त्यामुळे कानाला खटकत नाही.
'करायचं आहे' मी टाळतो. त्यात काम कळतं, पण ते आत्ताच करायचं असं काही वाटत नाही. वाचून माणूस 'हो, करायचं आहे खरं' म्हणतो आणि फोन खाली ठेवतो.

सरळसोट: बरोबर. आज्ञार्थ वापरा आणि पुढे 'अजून ८ दिवस' लिहा. संपला विषय.

मोडीवाचक: आज्ञार्थाचं पटलं, 'अजून ८ दिवस' नाही पटलं. रिमाइंडर तीन दिवस पुढे ढकलला तरी ओळ 'अजून ८ दिवस'च म्हणणार. 'उद्या', 'या आठवड्यात' यांचं तेच. 'परवा' तर कहरच, तो मागचाही असतो आणि पुढचाही. ओळीत तारीख आणि वार लिहावा, म्हणजे कधीही वाचली तरी ती खरीच राहते.

शिंपलीताई: आमच्याकडे वेगळाच घोळ. बाबांच्या फोनवर रोज सकाळी 'गोळ्या' वाजतं आणि महिनाअखेरीलाही 'गोळ्या'च. एक घ्यायच्या, एक आणायच्या. आता रोजचा 'घेतली का गोळी?' असा केला आहे आणि दुसरा 'आणा: गोळ्या, पाकीट शुक्रवारी संपतं'. रोजच्याला प्रश्नच बरा वाटतो. 'घ्या' वाचून, आधीच घेतलेली असली तरी, ते पुन्हा घेतील अशी धास्ती वाटते.

अर्धविराम: हे छान आहे. पण माझ्या पासपोर्टचं पूर्ण वाक्य कसं होईल? तो १४ नोव्हेंबरला संपतो.

मोडीवाचक: १४ नोव्हेंबर ही तारीख तुमच्या फारशी कामाची नाही. बरेच देश पासपोर्टची किमान सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने तो १४ मेपासूनच अडचणीचा होऊ लागतो. नवा यायला समजा महिना लागेल, कागद जमवायला पंधरवडा. तर रिमाइंडर साधारण १ एप्रिलला वाजावा आणि ओळ अशी असावी:
'अर्ज भर: पासपोर्ट. नवा १४ मेपूर्वी हातात हवा.'
वाजण्याची तारीख ओळीत लिहायची गरज नाही, ती फोन सांगतोच. ओळीत मुदत हवी. १ एप्रिलला वाचताना सहा आठवडे आहेत हे आपोआप कळतं. 'पासपोर्ट संपतो' असं लिहून १४ नोव्हेंबरलाच वाजवला, तर ती नुसती बातमी झाली.

सरळसोट: 'पूर्वी' का? 'पर्यंत' म्हणा.

मोडीवाचक: 'पर्यंत'मध्ये १४ तारीख धरली जाते, 'पूर्वी'मध्ये १३ ला विषय संपतो. स्वतःला लिहिताना मी 'पूर्वी' पसंत करतो, कारण शेवटचा दिवस धरायची सवय घातक.

शिंपलीताई: आणि '१४ च्या आत'? आमच्या ऑफिसात निम्मे लोक १४ धरतात, निम्मे नाही.

मोडीवाचक: माझ्या मते '१४ च्या आत' म्हणजे १३ पर्यंत. पण '१४ दिवसांच्या आत' म्हटलं की चौदावा दिवस चालतो असं मलाही वाटतं. नियम सांगता येणार नाही. रिमाइंडरमध्ये तो शब्द नकोच.

खटपट्या: स्वतःलाच 'भर', 'आण' असं एकेरीत? मला कुणीतरी खेकसल्यासारखं वाटतं. मी 'भरणे'च लिहितो, फक्त पुढे आणून: 'भरणे: अर्ज'.

मोडीवाचक: चालेल. मात्र यादीत दहा 'णे' एकाखाली एक आले की ऑफिसच्या शेऱ्यांसारखे दिसतात आणि नजर त्यांच्यावरून घसरते.

खटपट्या: माझी नाही घसरत.