मदत हवी आहे : कलम ३७(३) दाखवून मोर्चाला नकार

ठाणे स्टेशन ते जिल्हाधिकारी कार्यालय असा कामगारांचा मोर्चा आहे. मार्ग, वेळ, अंदाजे ४०० माणसं आणि स्वयंसेवकांची यादी देऊन १२ दिवस आधी अर्ज केला, पोचही आहे. उत्तरात एकच ओळ आली: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली मनाई लागू असल्याने परवानगी नाही.

पण त्याच आदेशात ‘परवानगीशिवाय’ जमाव करू नये असं लिहिलंय. म्हणजे अर्जाचा विचार व्हायला हवा. आदेश हेच नकाराचं कारण कसं होईल? शिवाय शासनाच्या मंजुरीशिवाय अशी मनाई १५ दिवसांपलीकडे चालत नाही, आणि आमची तारीख सोळाव्या दिवशी येते. हिम्मतलाल शाह खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने निकषांशिवाय दिलेला परवानगीचा अधिकार रद्दच केला होता.

आयुक्तांकडे कारणांसह लेखी फेरविचार मागतोय, सोबत कमी गर्दीचा पर्यायी मार्गही देतोय, कारण कोर्ट पहिल्यांदा तेच विचारतं. मोर्चाला सहा दिवस उरलेत. उत्तराची किती वाट पाहून उच्च न्यायालयात रिट दाखल करावी? वाहतुकीच्या अटी मान्य असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडावं का? अशी प्रकरणं चालवलेल्यांनी कृपया सांगा.