मदत हवी आहे: आई-बाबांना हिमनदी दाखवायची आहे, पण चढ नको

सायली_क: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडला आलेट्श हिमनदी बघायला जातोय. आई ६८ वर्षांची, उतारावर तिचा गुडघा दुखतो. बाबा ७२, बीपीची गोळी चालू आहे. युंगफ्राउयोखला जावं की दुसरीकडून बघावं? आणि थंडी नक्की किती असेल?

नंदूकाका: युंगफ्राउयोखच करा. वरपर्यंत ट्रेन जाते, त्यामुळे उंचीचा त्रास होत नाही. थंडी मात्र उणे पंधरा धरून चला.

रानवारा: काका, त्रास ट्रेननेही होतो, उलट झपकन वर गेल्यामुळेच होतो. स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. डोकं दुखतं, चार पायऱ्यांत धाप लागते. सायली, बाबांच्या डॉक्टरांना आधी विचार.

मी तुझ्या जागी असते तर रीडरआल्प किंवा बेटमरआल्पला राहिले असते. दोन्ही गावं साधारण १९०० ते २००० मीटरवर आहेत आणि तिथे मोटारी नाहीत. रीडरआल्पहून केबलकारने मूसफ्लूला (२३३३ मीटर) गेलं, की स्टेशनबाहेरच हिमनदी समोर दिसते. तिथून धारेवरून होफ्लूपर्यंत सावकाश चालत तासभर लागतो. वाट सौम्य आहे, पण शंभरेक मीटर उतार आहे, म्हणून काठी घ्या. गुडघा कुरकुरला तर मागे फिरा.

मृण्मयी: बुटांना लावायचे लोखंडी काटे भाड्याने मिळतात का तिथे? आम्ही आइसलँडला बर्फावर चाललो होतो, फार मजा आली!

रानवारा: मृण्मयी, ही वाट बर्फावरून नाही, कडेच्या डोंगरावरून आहे. काटे लागत नाहीत. खाली बर्फाच्या काठाशी मात्र उतरू नका, मूसफ्लूखालचा उतार अजून सरकतोय.

थंडीचं म्हणशील तर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. खाली सातशे मीटरवर २२ असतील तर मूसफ्लूला ११-१२. उणे पंधरा नाही. वारा मात्र बोचतो. चालताना आईला जॅकेट नकोसं होईल, आणि बाकावर टेकल्यावर पाच मिनिटांत बोटं गार पडतील. म्हणून एका जाड कोटापेक्षा पातळ लोकर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे घ्या. गॉगल विसरू नका. सप्टेंबरात एखाद्या रात्री ताजा बर्फही पडतो. तसं झालं तर त्या दिवशी धारेवर जाऊ नका.

सकाळची पहिली केबलकार पकडा, दुपारकडे ढग चढतात. आणि पांढराशुभ्र बर्फ मनात ठेवून जाऊ नका. उन्हाळ्याअखेरीला तो राखाडी, भेगाळलेला असतो आणि मधून दगडधोंड्यांचे काळे पट्टे लांबवर गेलेले दिसतात. मला तेच आवडतात.

सायली_क: रीडरआल्प ठरलं, तीन रात्री. बाबा युंगफ्राउयोखवर अडून बसलेत, ते डॉक्टरांना विचारून बघते. होफ्लूहून खाली यायला पाळणा असतो ना? सप्टेंबरात चालू असतो का?

रानवारा: मी गेले तेव्हा जुलै होता. निघण्याआधी वेळापत्रक बघच, नाहीतर रीडरआल्पपर्यंतचा सगळा उतार आईच्या गुडघ्यावर येईल.