खो-खो: संघ तोलायचे ते पाळीच्या गुणांवर की वेळेवर?

धागाकर्ता (डिचोली): खुल्या गटाच्या तालुका स्पर्धेत आठ संघांच्या नोंदी केल्या. आक्रमणासाठी पाळीतले गुण, संरक्षणासाठी गडी किती वेळ टिकला याची सरासरी. एवढ्यावर क्रम लावला तर चालेल?

जुना गुणलेखक, फोंडा: नाही चालणार. वेळ राखून जिंकलेल्या संघावर अन्याय होतो. समजा, एका संघाला शेवटच्या पाळीत 8 गुण हवे होते आणि ते 5 मिनिटं 20 सेकंदांत मिळाले. सामना तिथंच संपला. दुसऱ्या संघानं पूर्ण 9 मिनिटांत 11 गडी टिपले. तुमच्या तक्त्यात 11 वर, 8 खाली. पण पहिल्याला एका गड्यामागे 40 सेकंद लागले, दुसऱ्याला 49.

माजी खेळाडू, पेडणे: सर, 40 चा वेग शेवटपर्यंत टिकतो असं कुणी सांगितलं? सहा मिनिटांनंतर आक्रमकांचा दम जातो. मी खेळलोय, सांगतो.

जुना गुणलेखक: बरोबर आहे तुमचं. म्हणूनच प्रत्येक गडी बाद होताना पाळीचं घड्याळ लिहायचं. मग दुसऱ्या संघानं 5.20 पर्यंत किती गडी टिपले होते ते बघता येतं. 6 असतील, तर पहिला संघ खरंच सरस.

एक पालक, म्हापसा: माझ्या मुलीला शाळेच्या संघातून याच सरासरीमुळे वगळलं. पळती 50 सेकंद. पण आक्रमक दर वेळी पहिल्यांदा तिच्याच मागे लागायचे, बाकीच्या दोघी त्या वेळात दम घ्यायच्या. ते कुणीच लिहिलं नव्हतं. अजून खुपतं.

माजी खेळाडू: वाईट वाटलं, ताई. तरी संरक्षण हा एकेकट्याचाच खेळ. वैयक्तिक पळतीच खरी.

जुना गुणलेखक: खेळाडू निवडताना ती लागेल, संघ तोलताना तुकडी मोजा. तिघं 0.50, 1.20 आणि 2.40 ला बाद झाले, तर तुकडीनं 2.40 खाल्ली. तिघांच्या वेळा जोडल्या तर 4.50 होतात, पण घड्याळ तेवढं फिरलेलंच नसतं. पाळी संपताना नाबाद राहिलेली तुकडी सोडू नका. तिची मिनिटं धरा, गडी धरू नका.

धागाकर्ता: मी नाबाद सगळे गाळले होते! शिवाय माझ्या तक्त्यात एक सरासरी 1.80 आलीय.

जुना गुणलेखक: 1.50 आणि 2.10 ची ना? संगणकानं तो दशांश धरला. सेकंद करा, 110 आणि 130. सरासरी 120, म्हणजे 2.00.

माजी खेळाडू: आणि मातीचं काय? सकाळी ओल्या मैदानावर वळताना पाय सरकतो, दुपारी तीच माती कडक. एकाच तक्त्यात कसे बसवणार?

जुना गुणलेखक: मी सामन्याची वेळ शेजारी लिहून ठेवतो. त्यापुढं मला अजून जमलेलं नाही.